पैसा दुप्पट केव्हा? बहात्तरला भागून बघा!

दिवाळी आटोपली की खानदेशात कापसाची वेचणी जोरात येते. व्यापाऱ्याचा काटा दारात लागतो, कापूस मोजला जातो आणि वर्षभर कोरड्या पडलेल्या खिशात चार पैसे येतात. त्यातले निम्मे कृषी केंद्रवाला आणि सोसायटी घेऊन जाते, ती गोष्ट वेगळी. उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर मग पारावर चर्चा रंगते. पोस्टात टाकावेत, पतसंस्थेत ठेवावेत, की ज्याचे घेतले होते त्याचे आधी फेडावेत? अशा बैठकीत हमखास एक प्रश्न निघतो, "भाऊ, पैसा डबल कव्हय व्हई?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना भलेभले चाचपडतात. चक्रवाढ व्याजाचं सूत्र शाळेत शिकलेलं असतं, ते शाळेतच राहून जातं. त्या सूत्राशिवाय, कागद-पेन्सिलीशिवाय, पारावर बसल्या बसल्या उत्तर काढण्याची एक युक्ती आहे. वर्षाचा व्याजदर जितके टक्के असेल, त्याने ७२ ला भागायचं. जो भागाकार येईल तितक्या वर्षांत पैसा दुप्पट होतो. सहा टक्के असेल तर बारा वर्षे, आठ टक्के असेल तर नऊ वर्षे. बस्, एवढंच.

खरं-खोटं करायचं असेल तर आठ टक्क्यांचंच उदाहरण घ्या. हजार रुपये ठेवले. पहिल्या वर्षाअखेर १,०८० झाले. दुसऱ्या वर्षी व्याज हजारावर नाही, तर १,०८० वर मिळालं, म्हणून १,१६६ झाले. असं दरवर्षी वाढत्या रकमेवर व्याज धरत गेलात तर नऊ वर्षांनी १,९९९ रुपये होतात. दोन हजाराला एक रुपया कमी! कोणी म्हणेल, बहात्तरच का, सत्तर किंवा शंभर का नाही? गणिताने काढायला गेलं तर अगदी लहान दरांसाठी हा आकडा ६९ च्या थोडा वर येतो आणि दर वाढत जाईल तसा तोही वाढतो. आठ टक्क्यांच्या आसपास तो बरोबर ७२ ला येऊन बसतो. शिवाय ७२ ला दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ, बारा या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, म्हणून तो तोंडी हिशेबाला सोयीचा. युक्ती काही आजची नाही. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या गणित्याने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात ती नोंदवून ठेवली आहे.

पोस्टातल्या पत्राची परीक्षा

आता ही युक्ती आपल्या ओळखीच्या कागदावर लावून बघू. किसान विकास पत्र घरोघरी माहीत आहे. १९८८ साली ते निघालं आणि नव्वदच्या दशकात बराच काळ "साडेपाच वर्षांत दुप्पट" ही त्याची ओळख होती. या पत्राची गंमत अशी की, पोस्टात गेलेला माणूस टक्के विचारत नाही, मुदत विचारतो. मग टक्के कसे काढायचे? तोच भागाकार उलटा करायचा. ७२ ला साडेपाचने भागलं की तेरा येतात. म्हणजे त्या काळी सरकार वर्षाला तेरा टक्क्यांच्या वर व्याज देत होतं. बारकाईने काढलं तर ते जवळपास साडेतेरा भरतं.

पुढे व्याजदर उतरत गेले तशी मुदत लांबत गेली. २००३ पासून ती आठ वर्षे सात महिने झाली. २०११ मध्ये पत्र बंद झालं, २०१४ मध्ये पुन्हा सुरू झालं तेव्हा मुदत शंभर महिने होती आणि दर ८.७ टक्के. एप्रिल २०२३ मध्ये दर साडेसात टक्के झाला आणि मुदत ११५ महिने ठरली. ७२ भागिले साडेसात म्हणजे ९.६ वर्षे. त्याला बाराने गुणा, ११५ महिने आणि वर दोन दशांश. पोस्टाच्या कागदावरचा आकडा आणि पारावरचा आकडा एकच निघाला. मात्र हा दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं, तेव्हा पैसे टाकायच्या दिवशी खिडकीवर विचारून घ्यावं.

हा उलटा भागाकार आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो, आणि माझ्या मते तिथेच त्याची खरी गरज आहे. गावात कोणी गृहस्थ चांगले कपडे घालून येतो, सोबत ओळखीचाच एखादा असतो, आणि सांगतो की आमच्या योजनेत तीन वर्षांत रक्कम दुप्पट. लगेच ७२ ला तीनने भागायचं. चोवीस. म्हणजे हा माणूस वर्षाला किमान चोवीस टक्के देतो म्हणतोय, नेमके काढले तर सव्वीस. मग त्याला एकच विचारायचं, की भाऊ, पोस्ट साडेसात देतंय, तू सव्वीस देणार तर तुझा असा कोणता धंदा आहे ज्यात त्याहून जास्त सुटतात? ज्याला चोवीस-सव्वीस टक्क्यांनी पैसा परत करायचा आहे, त्याला तो त्याहून चढ्या दराने कोणाला तरी द्यावा लागतो, नाहीतर नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याला द्यावे लागतात. पतसंस्थांत ठेवी अडकून बसलेली माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत. त्यातल्या अनेकांनी आकडा ऐकला होता, पण तो वर्षाच्या टक्क्यांत उतरवून पाहिला नव्हता.

शेकडा पाच, पाटण्याचा आणि आजचा

ठेवीच्या बाबतीत वार्षिक टक्के बोलले जातात. उसनवारीत मात्र गावाची भाषा वेगळी. तिथे "शेकडा दोन", "शेकडा तीन", "शेकडा पाच" असं चालतं, आणि ते महिन्याचं असतं. ही भाषा फार जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे देवीच्या मंदिरात इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि त्या मठाला दान मिळालं, असं त्यात लिहिलं आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं एक गणित असं आहे की, शंभराला महिन्याला पाच व्याज पडतं, तर सोळाला वर्षात किती पडेल? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. म्हणजे आपल्याच मुलखातल्या मठात आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थी जो ग्रंथ शिकत होते, त्यात "शेकडा पाच"चाच हिशेब होता!

या उत्तरात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे सरळ व्याज आहे. बारा महिन्यांचे साठ टक्के, सोळाचे साठ टक्के नऊ-साठ. व्याजावर व्याज त्यात धरलेलं नाही. सरळ व्याजात दुप्पट व्हायला बहात्तरचा नव्हे, शंभरचा भागाकार लागतो. शेकडा पाचने शंभर भागिले पाच, वीस महिने. पण व्याज महिन्याच्या महिन्याला मुद्दलात मिसळत गेलं तर ७२ भागिले पाच, सव्वाचौदा-साडेचौदा महिन्यांतच रक्कम दुप्पट. दर तोच, माणूस तोच, फरक साडेपाच-सहा महिन्यांचा. म्हणून बहात्तरला भागण्याआधी "व्याज मुद्दलात मिळतं का, आणि केव्हा मिळतं" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता एक हिशेब सावकाश करू. समजा, जूनमध्ये बियाणं, खत आणि मजुरीसाठी ४०,००० रुपये शेकडा तीनने घेतले. महिन्याचं व्याज १,२००, वर्षाचं १४,४००. पीक गेलं, काही फेडता आलं नाही.

देणारा सरळ व्याज धरणारा असेल, तर शंभर भागिले तीन, म्हणजे तेहेतीस महिन्यांच्या वर गेल्यावर ८०,००० होतात. देणारा दर महिन्याला व्याज मुद्दलात टाकणारा असेल, तर ७२ भागिले तीन, चोवीस महिने. खरोखर आकडेमोड केली तर दोन वर्षांनी ८१,३१२ रुपये होतात, म्हणजे दुप्पट साडेतेवीस महिन्यांतच होऊन गेलेली असते.

पण गावात या दोन्हींपेक्षा तिसरीच पद्धत जास्त दिसते. वर्ष भरलं की जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहितात. "व्याज राहू द्या आबा, फक्त कागद नवा करून घेऊ," असं गोड बोलून काम होतं. नव्या चिठ्ठीवर मुद्दल लिहिलं जातं ५४,४००. ज्याने अंगठा दिला त्याला वाटतं, आपण काहीच घेतलं नाही, काहीच दिलं नाही. प्रत्यक्षात चौदा हजार चारशेचं नवं कर्ज त्याने घेतलेलं असतं. दुसऱ्या वर्षाअखेर ७३,९८४, तिसऱ्या वर्षाअखेर १,००,६१८. हातात आले होते चाळीस हजार.

या वार्षिक पालटाला बहात्तर लावलं तर शेकडा तीन म्हणजे वर्षाचे ३६ टक्के, ७२ भागिले ३६, दोन वर्षे. पण वरचे आकडे बघा, दोन वर्षांनी ७३,९८४ च झाले आहेत, ८०,००० नाहीत. इथे युक्ती थोडी चुकते. चढ्या दरांना ती नेहमीच थोडी घाई करते. दुरुस्ती सोपी आहे. दर आठच्या वर जितका असेल, त्यातल्या दर तीन टक्क्यांमागे ७२ मध्ये एक मिळवायचा. ३६ मधून आठ गेले २८, त्यात नऊ वेळा तीन. ७२ आणि नऊ ८१. आता ८१ भागिले ३६, सव्वादोन वर्षे. हे उत्तर बरोबर जमतं. वीस टक्क्यांच्या वर ही दुरुस्ती करावी, त्याखाली नाही केली तरी चालतं. सवाईने धान्य घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. हंगामाला सव्वापट म्हणजे २५ टक्के. सवाई फेडली नाही आणि पुढच्या हंगामात त्यावर पुन्हा सवाई चढली, तर तीन हंगामांत एका पोत्याची जवळपास दोन पोती होतात.

आपला हिशेब यातल्या कोणत्या रीतीने चालला आहे हे कसं ओळखावं? देणाऱ्याला विचारलं तर तो "नेहमीसारखंच" म्हणेल. त्यापेक्षा दोन वर्षांचं व्याज शेजारी शेजारी लिहून बघा. पहिल्या वर्षी १४,४०० लागले आणि दुसऱ्या वर्षीही १४,४०० च लागले, तर व्याज सरळ आहे. दुसऱ्या वर्षी १९,५८४ लागले, तर वर्षाला कागद पालटला गेला आहे. पहिल्याच वर्षी १४,४०० च्या वर, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास मागितले, तर महिन्याच्या महिन्याला चढवलं जातंय.

कागद पालटण्यामागे आणखी एक जुनी मेख आहे. आपल्याकडे दामदुपटीचा नियम पूर्वापार चालत आला आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, असा तो नियम. चाळीस हजारांवर व्याज चाळीस हजारांना पोहोचलं की तिथे थांबायचं. म्हणजे आपण ज्या दुप्पट होण्याच्या घडीचा हिशेब करतोय, तीच ही दामदुपटीची घडी. पण दोघांच्या संमतीने थकलेलं व्याज नव्या कागदात मुद्दल म्हणून लिहिलं गेलं, की मोजणी नव्या मुद्दलापासून सुरू होते. ५४,४०० ची दामदुपट ५४,४०० पासून. चिठ्ठी दरवर्षी नवी करण्याचा आग्रह का होतो, ते यावरून कळेल.

महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला नऊ आणि विनातारण बारा टक्के एवढाच दर ठरवून दिला गेला. नऊने भागा, आठ वर्षे. बाराने भागा, सहा वर्षे. शेकडा तीनची सव्वादोन वर्षे यासमोर ठेवा. महिन्याला एक रुपया शेकडा, त्याहून जास्त मागणारा एकतर परवाना नसलेला आहे किंवा परवाना असून कायदा मोडतो आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करायची असते. गटसचिव आणि तलाठ्यांना हे ठाऊक असतं, फक्त कोणी विचारत नाही.

कोठीतला पैसा आणि कापसाचा भाव

वाढीचा हिशेब झाला, आता घटीचा. काही मंडळी, विशेषतः ठेवी बुडल्याचा चटका बसलेली, पैसा सरळ घरातच ठेवतात. कोठीतल्या नोटा मोजल्या तर तेवढ्याच भरतात, पण बाजारात त्या पूर्वीइतक्या चालत नाहीत. महागाई वर्षाला किती टक्के, त्याने ७२ ला भागलं की पैशाची किंमत निम्मी व्हायला किती वर्षे लागतील ते कळतं. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं ठरलेलं लक्ष्य चार टक्के आहे, वर सहापर्यंत मुभा. चारने भागा, अठरा वर्षे. सहाने भागा, बारा वर्षे. म्हणजे मुलगी पहिलीत असताना तिच्या लग्नासाठी कोठीत ठेवलेला लाख रुपया, महागाई सहाची राहिली तर ती बारावी होईपर्यंत पन्नास हजारांच्या मोलाचा होतो.

हाच भागाकार कापसाला लावला तर काय दिसतं? लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ च्या हंगामात क्विंटलला ४,०५० रुपये होता. २०२५-२६ साठी तो ८,११० जाहीर झाला. बरोबर दुप्पट, आणि लागली अकरा वर्षे. ७२ भागिले अकरा, वर्षाला साधारण साडेसहा टक्के. आपल्या घरातली जुनी वही काढा आणि मजुरी, खताची गोणी, फवारणीचं औषध हे केव्हापासून केव्हापर्यंत दुप्पट झालं ते शोधा. अकरा वर्षांच्या आत दुप्पट झालं असेल तर तो खर्च हमीभावाच्या पुढे पळतोय. त्याहून जास्त वर्षे लागली असतील तर मागे आहे. एवढ्या एका तुलनेतून शेतीचा पुष्कळसा हिशेब उलगडतो. आणि ज्याचा माल वर्षाला साडेसहा टक्क्यांनी वाढतोय त्याने छत्तीस टक्क्यांचं कर्ज काढलं, तर मालाचा भाव एकदा दुप्पट व्हायच्या आत कर्ज जवळपास पाच वेळा दुप्पट होऊन बसतं!

इथे एक सावधगिरी हवी. हे साडेसहा टक्के म्हणजे दोन टोकांमधली सरासरी, दरवर्षीची वाढ नव्हे. बाजारातला भाव तर त्याहून लहरी. २०२१-२२ मध्ये खानदेशात कापूस दहा हजारांच्या वर गेला आणि नंतर खाली आला, हे सगळ्यांना आठवत असेल. एका तेजीच्या हंगामावरून "आता इतक्या वर्षांत दुप्पट" असा भागाकार करू नये. सोन्याचंही तेच. ज्याची वाढ दरवर्षी ठरलेली आहे, म्हणजे पत्र, मुदत ठेव, कर्ज, त्यालाच बहात्तर चोख लागतं.

आणि पारावरच्या त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर अजून राहिलंच. पत्रातला लाख रुपया ११५ महिन्यांत दोन लाख होतो हे खरं. पण त्याच काळात महागाई सहाची राहिली तर खरी वाढ साडेसातमधून सहा वजा, दीडच टक्का. ७२ भागिले दीड, अठ्ठेचाळीस वर्षे. म्हणजे आज लाखात जेवढा माल येतो त्याच्या दुप्पट माल यायला दोन पिढ्यांइतका काळ. एका गावी हे सांगितल्यावर एक आबा म्हणाले, "मग पत्र काढूच नको का?" काढावं. कोठीतल्या नोटांची किंमत बारा वर्षांत निम्मी होते, पत्रातल्या पैशाची निदान जागेवर राहते. पण अंगावर शेकडा तीनचं देणं असताना आधी पत्र काढलं, तर एका खिशात साडेसात टक्के येतील आणि दुसऱ्यातून छत्तीस जातील. आबांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, चिठ्ठी पालटायची तारीख पोळ्याच्या आधीची की नंतरची ते कागदावर बघून येतो, तोवर थांबता का?